उशिरा भरलेला टीडीएस आणि कंपाउंडिंगचा अर्ज: गोव्यातील व्यावसायिकांसाठी

दुसऱ्याच्या पैशातून टीडीएस कापला आणि तो वेळेत सरकारजमा केला नाही, तर आयकर कायदा १९६१ च्या कलम २७६ब खाली तो फौजदारी गुन्हा होतो. पुढे सगळे पैसे व्याजासकट भरले तरी गुन्हा आपोआप पुसला जात नाही. २०२४-२५ मध्ये त्याला तीन महिने ते सात वर्षे सक्तमजुरी आणि दंड अशी शिक्षा होती. खटला टाळण्याचा किंवा सुरू झालेला मिटवण्याचा मार्ग म्हणजे कलम २७९(२) खालचे कंपाउंडिंग, म्हणजे ठरलेले शुल्क भरून खात्याशी केलेली तडजोड. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. इथले उदाहरण त्याआधीच्या कसुराचे आहे, म्हणून कलमे जुन्या कायद्याची दिली आहेत.

अर्ज लिहायला बसण्याआधी त्याची गरज आहे का ते पाहा. टीडीएस भरण्याची तारीख पुढच्या महिन्याची ७ (मार्चच्या कपातीसाठी ३० एप्रिल). ती चुकली की व्याज लागतेच. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून कलम २७६ब बदलले आहे: त्या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत पैसे जमा झाले असतील तर खटला होत नाही. या तारखा म्हणजे ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. इथे हमखास घोटाळा होतो. काही जण ७ तारीख चुकली म्हणून घाबरून थेट अर्जाच्या मागे लागतात. काही जणांना वाटते, विवरणपत्र आपण उशिरा भरले, तर पैसेही तेव्हाच भरले तरी चालेल. तसे नाही. कायदा विवरणपत्राची ठरलेली तारीख पाहतो, तुम्ही ते कधी भरले ते नाही. शिवाय केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार थकलेला टीडीएस २५ लाखांपर्यंत असेल आणि उशीर ६० दिवसांपेक्षा कमी असेल, तर एरवी खटल्याची कारवाई करत नाहीत. दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. रक्कम छोटी आहे एवढ्यावर विसंबू नका.

आता एक प्रकरण घेऊ. बार्देशातील तीन भागीदारांची फर्म हॉटेलसाठी इमारत भाड्याने घेते. हंगामाचे साठ लाख भाडे १० ऑक्टोबर २०२४ रोजी घरमालकाच्या खात्यात जमेला धरले आणि दहा टक्क्यांनी सहा लाख टीडीएस कापला. चेक ४ नोव्हेंबरला दिला. टीडीएस भरायची तारीख ७ नोव्हेंबर, विवरणपत्राची ३१ जानेवारी २०२५. पैसे भरले १८ मार्चला आणि विवरणपत्र २० मार्चला. दोन्ही तारखा उलटल्या, उशीरही ६० दिवसांहून जास्त. या फर्मला अर्ज करावाच लागेल.

अर्जाआधी या कसुराशी जोडलेला कर, व्याज आणि इतर देणी शून्यावर आणायची. कापून न भरलेल्या करावर कलम २०१(१अ) चे व्याज महिन्याला दीड टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. १० ऑक्टोबर ते १८ मार्च म्हणजे सहा महिने, व्याज ५४,००० रुपये. विवरणपत्राला ४८ दिवस उशीर, दिवसाला २०० रुपयांनी कलम २३४ई ची लेट फी ९,६०० रुपये. हे भरल्यावर ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस संकेतस्थळावर जाऊन त्या तिमाहीची थकबाकी पुन्हा तपासा. चलन भरले पण विवरणपत्रात नीट जोडले गेले नाही, एवढ्याशा कारणाने थकबाकी तशीच दिसत राहते आणि तिच्यावर बोट ठेवून अर्ज परत येतो. असे झाल्यास दुरुस्ती विवरणपत्र भरा आणि थकबाकी शून्य दिसेल त्या दिवसाची प्रत काढून ठेवा.

सगळ्यात जास्त चुका तारखेत होतात. टीडीएस कापण्याची तारीख पैसे दिल्याची किंवा खात्यात जमेला धरल्याची, यातली जी आधीची ती. लोक बँकेचे विवरण समोर ठेवून चेकची तारीख लिहितात. या फर्मने ४ नोव्हेंबर लिहिले असते तर सहाऐवजी पाच महिने झाले असते आणि व्याज ९,००० रुपयांनी कमी दिसले असते. पण खतावणी आणि कर लेखापरीक्षण अहवाल १० ऑक्टोबरच सांगतात. मग आकडा चुकतो, आणि शपथेवर चुकीची तारीख लिहिली गेली हे त्याहून वाईट. म्हणून निवेदनाला एक तक्ता जोडा: जमेची तारीख, चेकची तारीख, भरण्याची देय तारीख, प्रत्यक्ष भरल्याची तारीख, रक्कम, चलनाचा क्रमांक आणि बँकेचा बीएसआर कोड. सोबत खतावणीचे पान, चलन आणि २६क्यू विवरणपत्राची पोच.

अर्ज १७ ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमधल्या नमुन्यात, १०० रुपयांच्या मुद्रांक कागदावर प्रतिज्ञापत्र म्हणून द्यायचा. कागद प्रतिज्ञा करणाऱ्याच्या नावाने घ्या, हिशेबनिसाच्या नावाने नको. पॅनवर जसे नाव आहे तसेच लिहा. वडिलांचे नाव एका ठिकाणी आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असे होऊ देऊ नका. नोटरीची सही आणि शिक्का हवा. ठरलेले शुल्क भरू आणि या गुन्ह्याशी निगडित अपील असल्यास मागे घेऊ, अशी हमीही याच कागदात येते.

कारणांचे निवेदन एका पानात मावावे. पावसाळ्यात धंदा बंद होता हे कारण ऑक्टोबरच्या कपातीला लागू पडत नाही, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. त्यापेक्षा कोणत्या तारखेला खात्यात किती शिल्लक होती ते दाखवा. आणि पैसे नोटीस येण्याआधी भरले असतील तर ते पहिल्याच ओळीत लिहा.

भागीदार पोर्तुगालला किंवा इंग्लंडला गेला म्हणून अर्ज अडून राहिल्याची प्रकरणे गोव्यात होती. आता मुख्य आरोपी किंवा सहआरोपींपैकी कोणीही अर्ज करून शुल्क भरू शकतो आणि सर्वांचा गुन्हा मिटू शकतो. सहआरोपींचे वेगळे शुल्कही काढून टाकले आहे. एकट्याचा धंदा असेल तर गोव्यातले लोक कलम ५अ मुळे पती-पत्नी दोघांच्या नावाने कागद करतात. त्याची गरज नाही. ते कलम उत्पन्न वाटून देते. टीडीएस भरण्याची जबाबदारी ज्याच्या नावावर टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा खाते क्रमांक, आहे त्याची.

अर्ज मुख्य आयकर आयुक्तांच्या नावे जातो, पण कोणत्या, हे टॅनवरून ठरते, पॅनवरून नाही. धंदा कळंगुटला आणि टॅन मुंबईच्या पत्त्यावर, असे असेल तर पणजीत पाटोवर खेपा घालून उपयोग नाही. आयकराच्या संकेतस्थळावर Know TAN Details मध्ये आधी पाहून घ्या.

एका अर्जाची फी २५,००० रुपये, एकत्रित अर्जाची ५०,०००. ती परत मिळत नाही, पण कंपाउंडिंग शुल्कातून वजा होते. टीडीएसच्या कसुराला शुल्क महिन्याला दीड टक्का, म्हणजे या फर्मचे सहा महिन्यांचे ५४,०००. हे २०१(१अ) च्या व्याजाहून वेगळे आहे; ‘व्याज भरले, आता पुन्हा कशाला’ असे म्हणून पुष्कळ जण इथे थांबतात. फी वजा जाता २९,००० उरतात. अंतिम आकडा मात्र कार्यालयाच्या पत्रात येईल तोच धरा आणि पत्रातल्या मुदतीत भरा.

कारणे दाखवा नोटीस आली असेल तर अर्ज दिला म्हणून ती बाजूला ठेवू नका. ठरलेल्या दिवशी लेखी उत्तर द्या, वाजवी कारण असेल तर कलम २७८अअ चा उल्लेख करा आणि अर्जाची पोच जोडा. कंपाउंडिंग हा हक्क नाही, अर्ज नाकारला जाऊ शकतो, आणि तेव्हा हेच उत्तर कामाला येते. त्रुटीमुळे अर्ज परत आला तर त्रुटी काढून नवा अर्ज करता येतो. पूर्वीची ३६ महिन्यांची मुदतही २०२४ च्या सूचनांनी काढली आहे, त्यामुळे जुन्या नियमाने ‘उशीर झाला’ म्हणून ज्यांची फाइल बंद झाली त्यांनी ती पुन्हा उघडून पाहावी.