कृष्णेची मळी आणि हरिपूरची पेवं

सांगलीला लागून कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात, त्या हरिपुरात पिढ्यानपिढ्या हळद जमिनीखाली साठवली जाई. अरुंद तोंडाचा, खाली रुंद होत जाणारा, साधारण 20 फूट खोल खड्डा म्हणजे पेव. आत शेणाने सारवायचं, गवताचा थर लावायचा, हळदीची पोती रचायची आणि तोंड मातीने बंद करायचं. आतली हवा संपली की कीड जगत नाही. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे; आधी बराच वेळ तोंड उघडं ठेवत आणि मग कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर थांबायचं. 'पेव फुटणे' हा शब्दप्रयोग आपण सर्रास करतो, पण मातीच्या पोटातलं हे कोठार पाहिलेली माणसं आता कमी उरली आहेत.

एवढा खोल खड्डा ढासळत का नाही आणि त्यात पाणी का पाझरत नाही? याचं उत्तर गाळाच्या वयात आहे.

नदीचा गाळ एकाच वेळी साचलेला नसतो. गंगेच्या मैदानात लोकांनी हा फरक फार पूर्वी ओळखला आणि त्याला दोन नावं दिली. नदीपासून दूर, पुराच्या पातळीच्या वर राहिलेला जुना गाळ तो 'भांगर'. दरवर्षी पूर जिथे पसरतो तिथला ताजा गाळ तो 'खादर'. भांगर हजारो वर्षांचा. पावसाचं पाणी त्यातून मुरत राहतं, विरघळलेला चुना खाली साचतो आणि त्याचे ओबडधोबड खडे बनतात. तिकडे त्याला कंकर म्हणतात, आपल्याकडे चुनखडीचे खडे. खादर भुसभुशीत, रेतीमिश्रित, फिक्या रंगाची असते, तिच्यात हे खडे जवळपास नसतात आणि पुराने दरवर्षी तिचं नवं पांघरूण घातलं जातं. ओळखायची साधी खूण अशी, की मातीतल्या खड्यावर व्हिनेगर टाकावं. बारीक फेस आला तर तो चुना आहे, आणि असे खडे भरपूर सापडले तर तुम्ही बहुधा जुन्या गाळावर उभे आहात.

कृष्णाकाठी हीच गोष्ट लहान प्रमाणात घडली. गंगेचा गाळ हिमालयातून आला आणि हजारो फूट जाड साचला. आपल्याकडे खाली काळा खडक आहे. गाळाचा पट्टा नदीलगत अरुंद आणि जाडीही बेताची. शेवटच्या हिमयुगात मोसमी पाऊस क्षीण होता, तेव्हा दख्खनच्या नद्यांना आणलेला गाळ पुढे वाहून नेता येत नव्हता आणि पात्रं भरत गेली. पुढे पाऊस वाढला आणि नद्यांनी आपलाच गाळ कापत तळ खोल नेला. कापलेला, उंच राहिलेला गाळ हा आपला जुना काठ. त्याच्या पायाशी, पात्रालगत, पुरात बुडणारी जमीन म्हणजे मळी. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर घाटावर उभं राहून समोरच्या काठाकडे पाहिलं तर पिवळट, घट्ट, खडेदार भिंत वर आणि काळसर मऊ पोयटा खाली, हा फरक डोळ्यांना दिसतो.

हरिपूरच्या पेवांचं गुपित त्या पिवळट भिंतीत आहे. चुन्याने बांधलेली घट्ट माती उभी राहते आणि ओलही कमी जाऊ देते. मळीच्या मऊ पोयट्यात एवढं खोल खणलं तर भिंती आतच कोसळतील.

मळीची गुणवत्ता वेगळी. कृष्णाकाठची वांगी याच रानातली. पूर ओसरला की ओल आणि सुपीक थर मागे राहतो, फारशा मशागतीविना बी टाकता येतं. म्हणून जुनी वहिवाट अशी, की रान मळीत करायचं आणि घर वर, जुन्या काठावर बांधायचं. आपल्या गावांतली काळी आणि पांढरी ही जोडी आठवा: काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यानपिढ्यांच्या पडक्या भिंती आणि चुलीची राख मिसळून वस्तीची माती पांढुरकी झाली आणि तिचा उंचवटा आणखी वाढत गेला.

मैदानात माणसं दाटीने का राहतात, तेही यातूनच उलगडतं. 2011च्या जनगणनेत बिहारमध्ये दर चौरस किलोमीटरला 1106 माणसं होती, सांगली जिल्ह्यात 329 आणि साताऱ्यात 287. बिहारमध्ये हाताने खणलेल्या विहिरीला थोड्या खोलीवर पाणी लागतं, सुरुंग लावावा लागत नाही. जमीन सपाट, त्यामुळे पाट काढणं, बैलगाडी नेणं, रस्ता करणं सोपं. भांगरवर वस्ती, खादरवर भात. एका तुकड्यात वर्षाला दोन-तीन पिकं निघाली की थोड्या जमिनीवर कुटुंब जगतं. आपल्या जिल्ह्यात ही सोय फक्त नदीच्या पट्ट्याला आहे. मिरज-वाळव्याची गाळाची रानं आणि जतचं मुरमाड माळरान एकाच जिल्ह्यात येतात, पण जतला विहीर म्हणजे खडक फोडणं. जिल्ह्याची सरासरी हा फरक झाकून टाकते.

मात्र जुन्या गाळाचं एक दुखणं आहे आणि ते दोन्हीकडे सारखं. 1854 मध्ये गंगा कालवा सुरू झाला आणि 1870च्या दशकात अलिगढ भागात शेतांवर पांढरा क्षार, तिथल्या भाषेत 'रेह', चढल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कारण असं, की कालव्याच्या पाण्याने भूजल वर चढलं, जुन्या गाळात साचलेले क्षार त्यात विरघळले आणि उन्हात पाणी उडून गेल्यावर मीठ वर उरलं. उपसा सिंचन आणि ऊस आल्यावर कृष्णाकाठीही तेच घडलं. आपला गाळ काळ्या खडकाचा, म्हणजे चिकणमातीचा. त्यातून पाण्याचा निचरा मंद, म्हणून रान लवकर चोपण होतं. उसाच्या फडात पिवळे चट्टे पडले, रान वाळताना पृष्ठभाग पांढरट दिसू लागला आणि पाऊस पडला की पाणी मुरण्याऐवजी साचून राहू लागलं, तर दुखणं सुरू झालं समजावं. यावर जमिनीखाली सुमारे मीटर-सव्वा मीटर खोल सच्छिद्र पाईप टाकून खारं पाणी बाहेर काढतात. पण शेजारच्या रानातून पाणी येतच राहिलं तर एकट्याच्या पाईपचा उपयोग थोडाच. मला हे सर्वांत अवघड वाटतं, कारण उपाय माहीत असूनही तो अख्ख्या शिवाराने एकत्र करावा लागतो.

मळीचंही रूप बदललं आहे. वरच्या धरणांत पाण्याबरोबर येणारा बराच गाळ अडतो, त्यामुळे पुराचा नवा थर पूर्वीसारखा मिळत नाही आणि रान खतावर चालतं.

आणि पेवं? 2005च्या महापुरात पाणी जुन्या काठावर चढलं आणि पेवांत शिरलं. हळद कुजली, बरीच पेवं खचली आणि व्यापार हळूहळू गोदामांकडे गेला. नेहमीच्या पुराला तो काठ उंच होता, पण ती मातीही कधीकाळी नदीनेच आणून टाकली होती. पुढे 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे.