मायना (इंग्रजी ई-मेलमधील)

इंग्रजी पत्राच्या किंवा ई-मेलच्या पहिल्या ओळीत, ज्याला लिहायचे त्याला उद्देशून केलेले संबोधन. मराठी घरगुती पत्रात ‘सा. न. वि. वि.’ आणि सरकारी अर्जात ‘महोदय’ जे काम करतात, तेच काम येथे ‘डिअर’, ‘हाय’ किंवा ‘हॅलो’ आणि त्यापुढचे नाव मिळून करतात. मुंबईतल्या मराठी माणसाची या मायन्याशी गाठ बहुधा नोकरीत पडते. वांद्रे-कुर्ला संकुलातली बँक असो, अंधेरीतले सॉफ्टवेअरचे ऑफिस असो की फोर्टमधली सॉलिसिटरची पेढी, दिवसातली कितीतरी पत्रे अनोळखी माणसांना जातात. तीन शब्दांतून एक निवडणे त्यामानाने सोपे असते. खरी अडचण त्याच्या पुढच्या नावाची असते. समोरच्याचे आडनाव कोणते, ती व्यक्ती पुरुष की स्त्री, हे नुसत्या नावावरून कळत नाही तेव्हा माणूस अडतो.

‘डिअर’ हा औपचारिक शब्द आहे, त्यात जिव्हाळ्याचा दावा नसतो. नोकरीचा अर्ज, तक्रार, बँकेला पत्र, परदेशी ग्राहकाला पहिले पत्र या ठिकाणी तोच वापरावा. ‘हाय’ सहकाऱ्यासाठी, किंवा ज्याच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला आहे त्याच्यासाठी. ‘हॅलो’ या दोहोंच्या मध्ये बसतो. माणूस अनोळखी आहे पण काम किरकोळ आहे, किंवा एखाद्या विभागाच्या सामाईक पत्त्यावर लिहायचे आहे, तेव्हा ‘हॅलो’ चांगला चालतो. एकदा ‘डिअर’ने सुरुवात केली की पुढे समोरच्याच्या उत्तराकडे पाहावे. त्याने ‘हाय’ लिहून खाली फक्त आपले पहिले नाव टाकले असेल, तर आपणही तसे लिहायला मोकळीक मिळाली असे समजावे. ही मोकळीक वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या असलेल्याने द्यायची असते. नवख्याने ती आपणहून घेऊ नये.

‘डिअर’ नंतर पदवी आली की तिच्यापुढे आडनाव येते. ‘डिअर मिस्टर कदम’ बरोबर, ‘डिअर मिस्टर विजय’ चूक. मुंबईत ही चूक सर्रास होते आणि तिचे कारणही समजण्यासारखे आहे. आपण बोलताना ‘विजय सर’, ‘स्मिता मॅडम’ म्हणतो. पहिल्या नावाला आदर जोडणे आपल्याला स्वाभाविक वाटते. इंग्रजीत मात्र मिस्टर, मिझ, डॉक्टर, प्रोफेसर या पदव्या आडनावालाच चिकटतात. शहरातल्या शहरात ‘डिअर विजय सर’ कोणालाही खटकत नाही आणि खटकू नये, पण तेच पत्र लंडनला किंवा सिंगापूरला जाणार असेल तर मायना बदलावा. ‘ॲडव्होकेट’, ‘सीए’, ‘इंजिनिअर’ या उपाध्या आपल्याकडे नावाआधी लावतात. बाहेरगावच्या इंग्रजी मायन्यात त्यांना जागा नाही. डॉक्टर आणि प्रोफेसर मात्र गाळू नयेत. पीएच.डी. झालेल्या बाईंना ‘मिसेस’ लिहिणे हे त्यांचे शिक्षण पुसून टाकण्यासारखे आहे.

स्त्रीसाठी आज ‘मिझ’ ही सुरक्षित पदवी आहे. विवाहित की अविवाहित हे न सांगणारी अशी पदवी असावी, ही सूचना अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डच्या एका वृत्तपत्रात १९०१ साली छापून आली होती. तिला बळ मिळाले ते १९७० नंतरच्या स्त्रीवादी चळवळीत, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तर ती १९८६ साली स्वीकारली. मराठीत अडचण याहून नाजूक आहे. ‘सौ.’ आणि ‘कु.’ लिहायला वैवाहिक स्थिती माहीत असावी लागते, आणि ‘श्रीमती’ सरकारी कागदांत सर्वच स्त्रियांसाठी वापरतात तरी अनेक घरांत तो शब्द विधवेसाठीच समजला जातो. म्हणून इंग्रजीत लिहिताना ‘सौ.’चे ‘मिसेस’ असे परस्पर रूपांतर करू नये. बाईंनी स्वतः सहीखाली ‘मिसेस’ लिहिले असेल तरच ते लिहावे.

आता नावांकडे. मराठी पूर्ण नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात, आणि त्यांचा क्रम कागदागणिक बदलतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि दिलेल्या नावांचा वेगळा असतो, त्या दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या नावाबरोबर वडिलांचे नावही बसते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी नोंदींत आईचे नावही घालायचे ठरवले आहे. त्यामुळे पुढच्या पिढीचे नाव स्वतःचे, आईचे, वडिलांचे आणि मग आडनाव असे चार भागांचे होईल. हा क्रम माहीत नसलेला माणूस तीन-चार शब्दांतला शेवटचा शब्द आडनाव धरून चालतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. समजा, भरतीचे काम पाहणाऱ्या एका मुलीला यादी मिळाली आणि तिच्यात ‘कदम स्नेहल विजय’ असे रोमन लिपीत लिहिलेले नाव आहे. शेवटचा शब्द आडनाव मानला तर मायना होईल ‘डिअर मिस्टर विजय’, म्हणजे पत्र उमेदवाराच्या वडिलांना किंवा पतीला गेल्यासारखे. तिने आधी यादीतली बाकीची नावे पाहावीत. वरखाली ‘पाटील’, ‘शिंदे’, ‘जाधव’ पहिल्या जागी असतील, तर संपूर्ण यादी आडनाव-आधी आहे हे उघड होते. एकट्या नावावरून जे कळत नाही, ते रकान्यावरून कळते. मग ई-मेल पत्ता पाहावा. त्यात स्नेहल आणि कदम असे दोनच शब्द असतील तर विजय हे वडिलांचे किंवा पतीचे नाव हे जवळजवळ नक्की. ऑफिसच्या ई-मेलमध्ये नाव ‘कदम, स्नेहल’ असे स्वल्पविरामासह दिसले, तर स्वल्पविरामाआधीचा शब्द आडनाव असतो.

आडनाव मिळाले, पण स्नेहल मुलगा की मुलगी? मराठीत हे नाव दोघांचेही असते. किरण, शीतल, सुहास, मिलन यांचेही तसेच. क्रिकेटपटू किरण मोरे आणि पोलीस अधिकारी किरण बेदी आपल्या ओळखीचेच आहेत. रोमन लिपी या गोंधळात भर घालते, कारण प्राजक्त आणि प्राजक्ता ही दोन्ही नावे तिच्यात एकसारखी लिहिली जाऊ शकतात. शोधाशोध दोन मिनिटांत संपत असेल तर करावी: अर्जातला फोटो, कंपनीच्या संकेतस्थळावरचे पान, किंवा तिथल्या रिसेप्शनला सरळ फोन. ‘पत्र पाठवायचे आहे, नाव कसे लिहू?’ असे विचारण्यात काही कमीपणा नाही. त्यातूनही कळले नाही तर पदवी पूर्ण गाळून ‘डिअर स्नेहल कदम’ असे नाव आणि आडनाव दोन्ही लिहावे. हा मायना किंचित कोरडा वाटतो हे खरे, पण त्यात खोटे काही नाही. ‘मिस्टर/मिझ कदम’ अशी तिरकी रेघ मारून लिहिण्यापेक्षा तो केव्हाही बरा, कारण त्या रेघेतून आपले अज्ञानच आधी दिसते.

माटुंग्यात किंवा चेंबूरमध्ये राहणाऱ्या तमिळ कुटुंबांतल्या नावांना हा हिशेब लागू होत नाही. ‘एस. वेंकटरमण’मधला ‘एस’ बहुतेक वेळा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असतो आणि वेंकटरमण हे त्यांचे स्वतःचे नाव. आडनाव नसतेच, म्हणून येथे ‘डिअर मिस्टर वेंकटरमण’ हेच योग्य, त्याला पर्याय नाही. अशा एकेरी नावांचे संगणकात फार हाल होतात. अमेरिकन व्हिसावर पहिले नाव नोंदलेले नसेल तर त्या जागी `FNU` ही अक्षरे छापतात, आणि ती नाव समजून कोणी ‘डिअर एफएनयू’ असे पत्र पाठवते. शीख नावांत उलट सोय आहे: हरप्रीत किंवा गुरप्रीतवरून काही कळत नाही, पण पुढे सिंग असेल तर पुरुष आणि कौर असेल तर स्त्री.

परदेशी नावांत चिनी आणि कोरियन नावे आडनावापासून सुरू होतात; ‘झांग वेई’ यांना लिहिताना पदवीपुढे ‘झांग’च लिहायचे. जपानी लोक इंग्रजीत बराच काळ आपला क्रम उलटवून लिहीत आले, पण २०२० पासून तिथल्या सरकारी कागदांत इंग्रजीतही आडनाव आधी येते. जपानी ग्राहकांशी काम करणाऱ्यांना एक मोठी सवलत आहे. आडनावाला ‘सान’ जोडले की स्त्री-पुरुष हा प्रश्नच उरत नाही, आणि ‘डिअर तानाका-सान’ हे इंग्रजी पत्रातही रूढ आहे.

नावच माहीत नसते तेव्हा पदाला लिहावे. हाउसिंग सोसायटीला लिहायचे तर ‘डिअर सेक्रेटरी’, नोकरीच्या अर्जात ‘डिअर हायरिंग मॅनेजर’. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला जाणारे पत्र बहुधा मराठीतच असते आणि त्यात ‘मा. सहायक आयुक्त’ लिहून खाली ‘महोदय/महोदया’ पुरते. ‘डिअर सर/मॅडम’ अजून सगळीकडे चालते. मात्र एकटे ‘डिअर सर’ किंवा कंपनीला ‘डिअर सर्स’ टाळावे. लंडनच्या फ्रेशफील्ड्स या मोठ्या विधी संस्थेने २०१६ साली ‘डिअर सर्स’ सोडल्याचे जाहीर केले. ‘टू हूम इट मे कन्सर्न’ हा मायना अनुभवाच्या दाखल्यासारख्या, कोणाच्याही हाती पडू शकणाऱ्या कागदासाठी ठेवावा. ज्या पत्राला उत्तर हवे आहे त्यावर तो शोभत नाही, कारण तसले पत्र आपल्यासाठी आहे असे कोणालाच वाटत नाही. नाव नसलेल्या मायन्याखाली ब्रिटिश रिवाजाने ‘युअर्स फेथफुली’ येते आणि नाव असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’. शाळेत शिकलेला हा नियम छापील पत्रांत अजून पाळतात, ई-मेलमध्ये दोन्हींच्या जागी ‘रिगार्ड्स’ आले आहे.

एकच पत्र शेकडो लोकांना पाठवताना मायना एक्सेलच्या रकान्यांतून आपोआप भरला जातो, आणि वर सांगितलेल्या सगळ्या चुका तिथे एकदम घडतात. पदवीचा रकाना काही ओळींत रिकामा असेल तर ‘डिअर कदम’ असे तुटक, दरडावल्यासारखे संबोधन निघते. पाठवण्याआधी यादी आडनावाच्या रकान्यावर क्रमवार लावून नजर फिरवावी. विजय, अनंत, सुरेश अशी नावे त्या रकान्यात दिसली तर त्या ओळींत क्रम उलटला आहे. सर्वांच्या पदव्या नक्की माहीत नसतील तर पदवीचा रकाना काढून सगळ्यांनाच पूर्ण नावाने लिहावे. निम्म्यांना पदवी आणि निम्म्यांना नाही, असे होऊ देऊ नये.

चूक होऊन गेलीच आणि समोरून ‘मिझ कदम’ अशी सही आली, तर पुढच्या पत्रात मायना दुरुस्त करून ‘आधीच्या पत्रातील संबोधनाबद्दल क्षमस्व’ एवढे एक वाक्य इंग्रजीत लिहावे आणि लगेच कामाच्या गोष्टीकडे वळावे. नाव किरणचे किंवा स्नेहलचे असल्यामुळे घोटाळा झाला, असे कारण देऊ नये. त्यांनी ते आयुष्यभर ऐकलेले असते.