सहा पॅनल, आठ ठोकळे, सहा अँगल

पुण्यात घरावर सोलर बसवायचे ठरले की हल्ली बहुधा सहा पॅनलचा विचार होतो. ५५० वॅटची सहा पॅनल म्हणजे ३.३ किलोवॅट, आणि पीएम सूर्यघर योजनेतले ७८,००० रुपयांचे कमाल अनुदान ३ किलोवॅटला मिळते. पॅनल कुठले, इन्व्हर्टर कुठला, यावर घरात महिनाभर चर्चा चालते. ते सगळे ज्यावर उभे राहणार त्या सिमेंटच्या ठोकळ्यांचा आणि लोखंडी अँगलचा हिशोब मात्र गच्चीवर उभ्या उभ्या, पाच मिनिटांत उरकला जातो. माझे काम नेमके हे सांगाडे आखण्याचे आहे, म्हणून तो हिशोब इथे सावकाश मांडतो.

सुरुवात पॅनलच्या मापापासून. ५५० वॅटचे नेहमीचे पॅनल २,२७८ मिलिमीटर लांब आणि १,१३४ मिलिमीटर रुंद असते, वजन साधारण २८ किलो. ती उभी, एकाशेजारी एक लावायची. दोन पॅनलमध्ये क्लॅम्पसाठी २० मिलिमीटरची फट लागते आणि दोन्ही टोकांना अँगल ५० मिलिमीटर बाहेर ठेवावा लागतो. म्हणून ओळीची लांबी अशी निघते:

```
लांबी = पॅनल × ११३४ + (पॅनल − १) × २० + १००
```

सहा पॅनलना हे उत्तर ७,००४ मिलिमीटर, म्हणजे ७ मीटर येते. पाच पॅनलना ५,८५०. आता बाजारात अँगलची लेंथ ६ मीटरची मिळते हे लक्षात घ्या. पाच पॅनलची ओळ एका अखंड लेंथवर बसते, सहावे पॅनल आले की जोड द्यावा लागतो. तो जोड कुठे द्यायचा, याकडे पुढे येतोच.

पॅनलखाली पूर्व-पश्चिम दोन लांब अँगल जातात, त्यांना आम्ही पर्लिन म्हणतो. पर्लिनना आधार देणारी चौकट म्हणजे पुढचा आखूड पाय, मागचा उंच पाय आणि दोघांवर तिरका टेकलेला राफ्टर. प्रश्न असा की अशा चौकटी किती? जुन्या वाड्यात खोली खणांनी मोजत. तीन खणांच्या खोलीला तुळया चार लागतात. इथेही तेच: आधी खण मोजायचे, मग एक मिळवायचा. हा एक मिळवायला विसरलेली यादी मी अनेकदा पाहिली आहे. मग गच्चीवर शेवटचे पॅनल पुरते अधांतरी राहते आणि कुणीतरी विटांचा टेकू देतो.

खण किती रुंद ठेवायचा हे पर्लिनच्या वाकण्यावर ठरते, आणि वाकवणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल घेतला, पुण्याचा वारा धरला, तर २ मीटरच्या खणाला त्यातला ताण परवानगीच्या मर्यादेच्या आत बसतो, मर्यादेपासून साधारण आठव्या हिश्शाने कमी. खण अडीच मीटरचा केला की तोच अँगल मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक पलीकडे जातो. अंतर पावपट वाढवले, जोर दीडपटीवर गेला. पैसे वाचवायला ४० बाय ४० बाय ५ चा अँगल सुचवतात. त्याची वाकण्याला तोंड द्यायची ताकद ५०च्या जेमतेम निम्मी आहे, त्यामुळे २ मीटरलाही तो पुरत नाही.

तेव्हा २ मीटरचा खण. दोन्ही टोकांना पर्लिन अर्धा अर्धा मीटर बाहेर काढला तर मध्ये ६ मीटर उरतात: तीन खण, चार चौकटी, आठ पाय, आठ ठोकळे. इथे एक गंमत आहे. हाच हिशोब एक्सेलमध्ये ROUNDUP लावून केला तर उत्तर पाच चौकटी येते, कारण ७,००४ मधून १,००० गेले की ६,००४ उरतात आणि वरच्या ४ मिलिमीटरसाठी यंत्र आणखी एक खण मागते. टोके २-२ मिलिमीटर वाढवली की प्रश्न मिटतो. ठोकळे पॅनलच्या प्रमाणात वाढत नाहीत हेही याच हिशोबातून कळते. चार पॅनलना सहा, पाचांना आठ, सहांनाही आठच, सातांना दहा.

आता ठोकळ्याचे वजन. पॅनलचे वजन पेलणे हे त्याचे काम आहेच, पण ते सोपे. खरे काम पॅनल उडू न देण्याचे. पॅनलचे तोंड दक्षिणेला आणि उंच कड उत्तरेला असते. जून-जुलैचा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा वारा सहसा ओळीला दाबतो किंवा बाजूने जातो. एप्रिल-मे मधले वळवाचे वारे मात्र कुठूनही येतात. उत्तरेकडून आलेला झोत उंच कडेखालून आत शिरतो आणि सगळी ओळ पंखासारखी उचलू पाहतो.

भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणले की दाब न्यूटनमध्ये मिळतो: चौरस मीटरला ९१३ न्यूटन, सुमारे ९३ किलो. सहा पॅनलचे क्षेत्रफळ १५.५ चौरस मीटर. उचलीचा गुणांक आडाख्याला १ धरला आणि पॅनलचा १५ अंशांचा कल लक्षात घेतला तर वरच्या दिशेची ओढ १,३९० किलोच्या आसपास येते. ही एक-दोन मजली घराच्या गच्चीची गोष्ट. याविरुद्ध आपल्याकडे पॅनल आणि लोखंड मिळून ३४० किलो आहेत. उरलेले सगळे ठोकळ्यांनी द्यायचे.

सर्रास वापरला जातो तो एक फुटी ठोकळा. ३०० मिलिमीटरचा घन, वजन ६५ किलो. आठ ठोकळ्यांचे ५२० किलो. लोखंड-पॅनल धरून ८६० होतात, ओढ १,३९० ची. पुरत नाही, आणि थोडक्यात हुकते असेही नाही. आता बाजू दीड फुटी करून पाहा, ४५० मिलिमीटर. बाजू दीडपट, पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दीडपट झाल्याने वजन जवळजवळ ३.४ पट: २१९ किलो. आठांचे १,७५० आणि वरचे ३४०, एकूण २,०९० किलो. ओढीच्या दीडपट. ही दीडपट मी चैन म्हणून ठेवत नाही. वारा ओळभर सारखा लागत नाही. मागच्या पायांना पुढच्यांहून जास्त ओढ बसते, आणि मधल्या चौकटींच्या वाट्याला टोकाच्या चौकटींपेक्षा अधिक लांबी येते. मधल्या मागच्या ठोकळ्यापाशी त्या दीडपटीतले फारसे काही उरत नाही.

मग आणखी मोठे ठोकळे का नकोत? खाली स्लॅब आहे म्हणून. वावराच्या गच्चीसाठी मानक चौरस मीटरला दीडशे किलो भार धरते. आपले २,०९० किलो ओळीखालच्या जागेवर पसरून पाहिले तर १३५ च्या आसपास येतात, आणि ते पसरलेले नसतात, आठ ठिकाणी एकवटलेले असतात. म्हणून ठोकळ्यांची रांग शक्यतो खालच्या बीमवर किंवा भिंतीवर आणायची, आणि स्लॅब जुना असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काही टेकवायचे नाही. मुंबईला मूळ वेग ४४ आहे. वर्गाच्या हिशोबाने ओढ २७ टक्क्यांनी वाढते आणि आपली दीडपट १.१८ वर येते. तिथे, किंवा उंच इमारतीवर, नुसत्या वजनावर विसंबता येत नाही. पाय बीममध्ये बोल्टने बांधावे लागतात. मग कोब्याला भोक पडते आणि वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागते.

एका वळवानंतर मला एक फुटी ठोकळ्यांची ओळ पाहायला बोलावले होते. ओळ उभी होती, पॅनल शाबूत होती. पण मागच्या ठोकळ्यांच्या बुडाशी कोब्यावर बोटभर रुंदीची स्वच्छ पांढरी पट्टी दिसत होती आणि तिच्या पलीकडे वर्षाची काळी शेवाळ. ठोकळा तेवढा सरकला होता. सिमेंटची पकड सुटली की अशी पट्टी दिसते, किंवा बुडाला केसाएवढी भेग. म्हणून ठोकळ्याखाली सिमेंटचा थर देतो खरा, पण त्याची पकड मी हिशोबात कधी धरत नाही.

अँगलची यादी आता सरळ निघते. पर्लिन ७ मीटरचे दोन. राफ्टर १.६ मीटरचे चार. पॅनलच्या भोकांमधले अंतर १.४ मीटर धरले तर १५ अंशांना त्यात ३६ सेंटिमीटर चढ येतो, म्हणून पुढचे चार पाय ०.३ मीटर आणि मागचे चार ०.६६. प्रत्येक चौकटीत एक तिरका आधार, १.४ मीटरचे चार. मागच्या बाजूला दोन्ही टोकांच्या खणांत एकेक तिरपी, २.१ मीटरच्या दोन. जोडासाठी ०.४ मीटरचे दोन तुकडे. बेरीज सुमारे ३५ मीटर. सहा लेंथ म्हणजे ३६ मीटर, कागदावर पुरतात. पण तुकडे लेंथमध्ये बसले पाहिजेत. दोन लेंथ अखंड पर्लिनला गेल्या. तिसरीत २.१ चे दोन आणि एक राफ्टर. चौथीत तीन राफ्टर, एक मागचा पाय, एक जोडतुकडा. पाचवीत १.४ चे चार आणि एक पुढचा पाय. सहावीत पर्लिनचे १ मीटरचे दोन तुकडे, उरलेले सहा पाय आणि दुसरा जोडतुकडा. सगळे बसते आणि सहावीत ७० सेंटिमीटर शिल्लक राहते.

जोड पर्लिनच्या टोकापासून १ मीटरवर येतो, म्हणजे पहिल्या पायापासून अर्ध्या मीटरवर, खणाच्या पाव अंतरावर. सलग तुळईत तिथे वाकवणारा जोर खणाच्या मध्यापेक्षा कमी असतो, कारण पायावर तो एका दिशेचा असतो आणि खणाच्या मध्यावर उलट. तोच जोड खणाच्या मध्यावर आला तर सगळा भार बोल्टवर. दुकानदार लेंथ अर्धी कापून देतो आणि जोड नेमका तिथे जातो, म्हणून कापायची यादी हातात असल्याशिवाय कापू द्यायचे नाही.

शिल्लक ७० सेंटिमीटर कामाला येतात ते गच्चीच्या उतारामुळे. पाणी वाहून जावे म्हणून गच्चीला शंभरात एक एवढा उतार असतो. ६ मीटरमध्ये तो ६० मिलिमीटर होतो. ठोकळे सारखे आणि पायही सारखे ठेवले तर अख्खी ओळ एका बाजूला कलते आणि पर्लिनची भोके जुळत नाहीत. पारदर्शक नळीत पाणी भरून आठही ठोकळ्यांच्या माथ्यांची पातळी खुणावायची आणि पुढे-मागे दोन्ही रांगांत पाय २०, ४०, ६० मिलिमीटरने वाढवत न्यायचे. सगळे मिळून २४ सेंटिमीटर जास्तीचे लागतात. हे माप ठोकळे भरल्यावर, अँगल कापण्याआधी घ्यायचे. कापून, भोके पाडून झाल्यावरच अँगल गरम जस्तात बुडवायला जातो. गच्चीवर पुन्हा ग्राइंडर लावला की त्या कडेवरचे जस्त गेले, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून तांबूस ओघळ सुरू होतो.

ठोकळ्यांना सुमारे पाऊण घनमीटर काँक्रीट लागते, एम-२० च्या प्रमाणात सहा पोती सिमेंट. सिमेंट पीपीसी म्हणजे राखमिश्रित असेल तर १० दिवस पाणी मारायचे, तेवढ्यात अँगल जस्त लावून परत येतो. नट आवळल्यावर नटावरून पायाखालच्या बेसप्लेटवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. पहिला वळीव झाला की वर जाऊन पाहा. रेघ तुटलेली दिसली तर तो नट फिरला आहे, आणि बुडाशी पांढरी पट्टी दिसली तर ठोकळा.