मेंदूमृत्यू व अवयवदान : नातेवाइकांशी संवाद (नाशिक)

डोक्याला जबर मार लागून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन मेंदूस्तंभाचे काम कायमचे थांबते, त्याला मेंदूमृत्यू म्हणतात. श्वासाची प्रेरणा मेंदूस्तंभातून येते, त्यामुळे माणूस स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. हृदयाचे ठोके मात्र हृदयातच निर्माण होतात. व्हेंटिलेटरने प्राणवायू मिळत राहिला की ते काही काळ चालू राहतात. म्हणून अंग गरम लागते, छाती वरखाली होते, मॉनिटरवर रेघ धावते. घरच्यांना समजावण्यातली सगळी अडचण इथेच आहे. कोमातल्या रुग्णाचा मेंदूस्तंभ काम करत असतो आणि त्यातले काही जण शुद्धीवरही येतात. मेंदूमृत्यूनंतर परतीची वाट नाही.

1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने हा मृत्यू ग्राह्य धरला. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून नमुना 10 वर सह्या करते. त्याआधी झोपेच्या औषधांचा अंमल, शरीराचे घटलेले तापमान, रक्तातले बिघाड ही कारणे नाहीत याची खात्री करावी लागते. डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला दाद देत नाहीत, बुबुळाला कापूस लावला तरी पापणी मिटत नाही, घशात नळी हलवली तरी खोकला येत नाही, हे पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर थोडा वेळ बाजूला करून प्राणवायू देत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड पुरेसा वाढूनही श्वासाचा एकही प्रयत्न दिसला नाही, तर निदान पक्के होते.

एक नमुनेदार प्रसंग घेऊ. निफाडकडचा चाळिशीतला शेतकरी मोटारसायकलवरून पडून नाशिकच्या रुग्णालयात आला आहे. पहिली तपासणी सकाळी दहाला झाली. त्यानंतर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पत्नी, आई आणि थोरल्या भावाला आयसीयूच्या दारात उभे न ठेवता वेगळ्या खोलीत बसवावे आणि काय तपासले, पुन्हा कधी तपासणार, ते सांगावे. दुपारी चारनंतरच्या दुसऱ्या तपासणीनंतर बोलणे स्पष्ट हवे : “ताई, तुमचे यजमान गेले. त्यांच्या मेंदूचं काम पूर्ण थांबलंय. श्वास दिसतोय तो मशीनचा आहे.” “आता फक्त मशीनवर जिवंत आहेत” हे वाक्य सर्वांत घातक, कारण ते ऐकणाऱ्याला मशीन बंद करणे म्हणजे आपणच मारणे असे वाटते. “आशा कमी आहे” हेही चुकीचे. आशा उरलेली नसते.

एवढ्यात भाऊ म्हणतो, “पण आत्ताच त्याचा हात हलला!” असे खरोखर घडते. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू काही काळ जागा असतो आणि त्यातून हातापायाची हालचाल होऊ शकते. त्याला भास म्हणून उडवून लावले की विश्वास तुटतो. “हो, हलला असेल. ती हालचाल पाठीच्या कण्यातून येते, मेंदूतून नाही,” असे सांगून हवे तर तपासणीतल्या खुणा पुन्हा दाखवाव्यात.

दानाचा विषय त्याच श्वासात काढू नये. घरच्यांनी मृत्यू मानला आहे हे त्यांच्याच बोलण्यातून कळते. “आता गावाकडे कधी न्यायचं?” असे कोणी विचारले, की प्रत्यारोपण समन्वयकाने पुढे यावे. प्रत्यारोपण करणाऱ्या शल्यचिकित्सकाने ही विचारणा करू नये. तो निदान करणाऱ्या मंडळातही नसतो.

मृताच्या पाकिटात दात्याचे कार्ड सापडले तर गोंधळ वाढतो. हयातीत भरलेला नमुना 7 ही त्याची इच्छा. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. मृत्यूनंतर घरच्यांनी भरायचा नमुना 8 वेगळा. प्रत्यक्षात त्याशिवाय अवयव काढत नाहीत, आणि कार्ड नसले तरी घरचे संमती देऊ शकतात. म्हणून “त्यांनी सही केलीय, आता तुम्हाला द्यावंच लागेल” असा दबाव अयोग्य. “भाऊ, त्यांनी अशी इच्छा लिहून ठेवली होती. तुम्हाला काय वाटतं?” एवढे पुरे. अर्जावर अवयव वेगवेगळे लिहिता येतात. मूत्रपिंडे द्यायची आणि डोळे नाही, हेही चालते. आईने मोक्षाचा प्रश्न काढला तर समन्वयकाने शास्त्रार्थ करू नये. तिला आपल्या गुरुजींशी किंवा घरातल्या जाणत्यांशी बोलायला वेळ द्यावा.

होकार मिळाला की नाशिकची नोंद पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे जाते आणि अवयव कोणाला, हे तिथल्या प्रतीक्षा यादीवरून ठरते. घेणाऱ्याचे नाव घरच्यांना सांगत नाहीत. संमतीनंतर अवयव टिकवण्याचा आणि काढण्याचा खर्च त्यांच्यावर पडत नाही. अपघात असल्याने पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाची प्रक्रिया असते. या सगळ्याला बरेच तास लागतात. गावाकडे अंत्यविधीची वेळ आधीच कळवली गेली, तर पाहुणे ताटकळतात आणि रोष घरच्यांवर येतो. म्हणून हा वेळ सहीच्या आधीच सांगून टाकावा.