सातबाऱ्यावरचा ‘खराबा’ म्हणजे खराब जमीन नव्हे

प्रश्न: माझा हिंदीभाषक मित्र महाराष्ट्रात शेत घेतोय. त्याला कोणी सांगितलं, ‘पोटखराबा’ म्हणजे सरकारी जमीन. हे खरं का? त्याला हिंदीत काय सांगू?

नाही. घोळ शब्दातच आहे. अरबी ‘ख़राब’ म्हणजे उजाड, ओसाड. फारसी-उर्दूच्या वाटेने तो महसुलात आला. हिंदी कानाला मात्र ‘ख़राब ज़मीन’ एवढंच ऐकू येतं.

त्याला असं सांगा: “भाई, खेत के अंदर का वह टुकड़ा जिस पर खेती नहीं होती, इसलिए लगान भी नहीं लगा।”

मालकीचा प्रश्न पोटखराब्याच्या वर्गावर आहे; वर्ग दोन, ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’ म्हणजे खडक, ओघळ, खळं, शेतातलं घर. हा भाग खातेदाराचाच असतो. ‘ब’ म्हणजे रस्ता, पायवाट, लोकांच्या वापरातला नाला. क्षेत्र सातबाऱ्यावर दिसतं, पण तिथे कुंपण घालता येत नाही.

समजा, लागवडयोग्य 1 हेक्टर 60 आर, वर्ग अ 12 आर, वर्ग ब 8 आर. एकूण 1 हेक्टर 80 आर. विकणारा भाव सांगताना हमखास 1.80 धरतो. नांगर चालणार 1.60 वर, आणि 8 आरवरून गावाची बैलगाडी जाणार. म्हणून भाव ठरण्याआधी मोजणीचा नकाशा घेऊन बांधावर उभं राहायचं आणि ‘ब’ नेमका कुठे येतो ते पाहायचं. तो शेताच्या मधोमध निघाला, तर 8 आरपेक्षा जास्त नुकसान होतं.

आणि सातबाऱ्यावरचा ‘आकार’ म्हणजे साइज़ नाही, लगान. हा शब्द उर्दू नाही, पण फसवतो तसाच.