फोनमध्ये जुने सॉफ्टवेअर परत का बसवता येत नाही : ग्राहकांसाठी माहिती

अपडेटनंतर फोन संथ झाला किंवा बॅटरी लवकर उतरू लागली की अनेक ग्राहक आमच्याकडे आधीची आवृत्ती परत बसवून मागतात. काही फोनवर हे काम होते, तर काहींवर आम्हाला नकार द्यावा लागतो. त्यामागचे कारण या पत्रकात दिले आहे.

फोन सुरू होताना मुख्य चिप सर्वप्रथम बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम वाचते आणि त्यावर निर्मात्याची डिजिटल सही आहे की नाही हे तपासते. सही नसलेला बूटलोडर चालत नाही, म्हणून कोणीही बदललेले सॉफ्टवेअर इथेच अडते. अडचण अशी की दोन वर्षांपूर्वीच्या बूटलोडरवरची सहीसुद्धा अस्सलच असते आणि ती आपोआप बाद होत नाही. त्या बूटलोडरमध्ये पुढे एखादी त्रुटी सापडली आणि निर्मात्याने नव्या आवृत्तीत ती दुरुस्त केली, तरी कुलूपबंद फोन हाती लागलेला जाणकार चोर त्यात जुनी, अस्सल सहीची आवृत्ती घालून तीच त्रुटी पुन्हा उघडू शकतो. म्हणजे केलेली दुरुस्ती फुकट जाते. हा मार्ग बंद करण्यासाठीच निर्माते अँटी-रोलबॅक संरक्षण देतात.

त्याची रचना साधी आहे. सही केलेल्या प्रत्येक बूटलोडरमध्ये एक क्रमांक असतो आणि चिपमध्येही किमान किती क्रमांक चालेल याची नोंद असते. बूटलोडरचा क्रमांक या नोंदीपेक्षा कमी असेल, तर सही बरोबर असूनही चिप तो नाकारते. ही नोंद बहुधा चिपमधील सूक्ष्म फ्यूजमध्ये केलेली असते. फ्यूज एकदा जळला की पूर्ववत होत नाही, त्यामुळे क्रमांक वाढू शकतो, पण कमी होत नाही. फॅक्टरी रीसेट केल्याने त्यात काहीही फरक पडत नाही. फ्यूजची संख्या मर्यादित असल्यामुळे, आणि ग्राहकांची गैरसोय होत असल्यामुळेही, निर्माते प्रत्येक अपडेटला हा क्रमांक वाढवत नाहीत. मागच्या महिन्याची आवृत्ती एखाद्या फोनवर सहज बसते आणि दुसऱ्यावर बसत नाही, ते यामुळेच.

गूगलच्या पिक्सेल ६ मालिकेचे उदाहरण बोलके आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ च्या अपडेटने या फोनच्या बूटलोडरचा किमान क्रमांक वाढवला आणि अँड्रॉइड १२ चा मूळ बूटलोडर त्यावर कायमचा बंद झाला. या फोनमध्ये सॉफ्टवेअरच्या दोन प्रती ठेवण्याची सोय असते. अपडेट त्या वेळी वापरात नसलेल्या प्रतीवर बसते आणि फोन नव्या प्रतीवर व्यवस्थित सुरू झाला की क्रमांक वाढतो, पण दुसऱ्या जागेत मात्र अँड्रॉइड १२ चा बूटलोडर तसाच पडून राहतो. पुढे नवी प्रत बिघडून फोन दुसऱ्या प्रतीकडे वळला, तर चिप तो बूटलोडर नाकारते आणि फोन सुरूच होत नाही. म्हणून स्वतः सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांनी नवा बूटलोडर दोन्ही जागी बसवावा, अशी सूचना गूगलने केली होती. पुढे विकसकांसाठी वाढीव क्रमांकाच्या बूटलोडरसह अँड्रॉइड १२ सुद्धा गूगलने उपलब्ध करून दिले. रोख अँड्रॉइडच्या आवृत्तीवर नसून सदोष बूटलोडरवर होता, हे त्यावरून कळते. गूगलने निदान जाहीर सूचना तरी दिली. सगळेच निर्माते ती ठळकपणे देतात असे नाही, आणि आमच्या मते ही त्यांची उणीव आहे.

बूटलोडर अनलॉक केला की हे बंधनही सुटते, हा समज धोक्याचा आहे. अनलॉक केल्यावर पुढील टप्प्यांची तपासणी शिथिल होते, परंतु फ्यूजवरची तपासणी त्याआधी होते आणि ती चालूच राहते.

सॅमसंगच्या फोनमध्ये हा क्रमांक पाहणे सोपे आहे. सेटिंगमधील सॉफ्टवेअर माहितीत बेसबँड किंवा बिल्डचा जो लांब क्रमांक दिसतो, त्यातील शेवटून पाचवे अक्षर हा बूटलोडरचा क्रमांक असतो. नऊनंतर तिथे इंग्रजी अक्षरे येतात. बसवायच्या फाइलच्या नावातील तेच अक्षर फोनमधल्यापेक्षा मागचे असेल, तर डाउनलोड मोडमध्ये `SW REV CHECK FAIL` असा संदेश येतो आणि काम तिथेच थांबते. अशा वेळी फोनला सहसा इजा होत नाही. ही तपासणी वगळून मदरबोर्डवर थेट जुना बूटलोडर लिहिला, तर मात्र फोन पूर्णपणे बंद पडू शकतो. म्हणून कोणी कितीही खात्री दिली तरी तो मार्ग स्वीकारू नये. आम्हीही तो वापरत नाही.

जुनी आवृत्ती हवी असल्यास फोन आणताना त्यातील माहितीची प्रत आधी काढून ठेवावी, कारण क्रमांक जुळला तरी या कामात फोनमधील सर्व माहिती बहुधा पुसली जाते. दोन्ही क्रमांक आम्ही आपल्यासमोर ताडून पाहतो आणि फाइलचा क्रमांक मागचा निघाल्यास कामाला हात लावत नाही. त्या परिस्थितीत त्याच क्रमांकाची थोडी आधीची आवृत्ती उपलब्ध आहे का, हे पाहता येते, किंवा निर्मात्याच्या पुढील अपडेटची वाट पाहावी लागते.