क्लिप पाठवताना सुरुवात कापू नका: वाद्य ओळखून बुकिंग करणाऱ्या ग्राहकांसाठी

लग्न, साखरपुडा, वास्तुशांत अशा कार्यक्रमांसाठी आमच्याकडून वादक नेणारे बहुतेक जण व्हॉट्सॲपवर एक छोटी क्लिप पाठवतात आणि लिहितात, "हे वाद्य पाहिजे." पद्धत चांगली आहे. अडचण एवढीच की क्लिप मधूनच सुरू होते आणि मधेच तुटते.

गेल्या लग्नसराईत जुळे सोलापूरच्या एका गृहस्थांनी मुलीच्या साखरपुड्यासाठी नऊ सेकंदांची क्लिप पाठवली आणि व्हायोलिन मागितलं. दुकानात गर्दी होती, आम्हीही मोबाइलच्या स्पीकरवरच ऐकलं आणि हो म्हणालो. ही चूक आमचीच. चार दिवस आधी त्यांच्या मुलीने अख्खं गाणं पाठवलं, तेव्हा कळलं की ती सारंगी होती. सारंगीवादक आम्ही पुण्याहून बोलावतो. ऐन मुहूर्तात माणूस मिळेपर्यंत आमचे दोन दिवस फोनवर गेले.

नऊ सेकंदांत सारंगी का सापडली नाही? लांब, स्थिर सुराच्या मधल्या भागात गजाने वाजणारी वाद्यं सारखीच वाटतात. ओळख पटते ती सूर कसा सुरू होतो आणि कसा संपतो यावरून. व्हायोलिनला चारच तारा. गज उचलला की आवाज लवकर विरतो. सारंगीत आतड्यापासून केलेल्या तातीच्या तीन मुख्य तारांखाली पस्तीसेक तरफा, म्हणजे साथीच्या तारा असतात. त्यांना गज लागत नाही, पण वरचा सूर वाजला की त्या आपोआप झणझणतात आणि गज थांबल्यावरही क्षणभर गुंजत राहतात. वाक्य संपल्यावर मागे ती गुंज उरली, तर ती सारंगी. दुसरी खूण म्हणजे सारंगीत तार पट्टीवर दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी बाजूने टेकवतात, म्हणून एका सुरातून दुसऱ्यात जाताना आवाज माणसाच्या गळ्यासारखा सरकतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खर्जातला भारदस्तपणा जातो आणि सारंगी आणखीच व्हायोलिनसारखी वाटते. म्हणून इयरफोन लावून ऐका.

संतूरची चौकशी करणाऱ्यांचा गोंधळ निराळा. "सतार पाहिजे" म्हणत संतूरची क्लिप येते. इथे एकच प्रश्न विचारायचा: सूर वाजल्यानंतर वाकतो का? सतारीत तार बाजूला ओढून मींड घेतात, सूर लवचीक होतो. संतूरवर कलम नावाच्या छोट्या काड्यांनी टकटक आघात होतो, त्या आघातानंतर सूर फक्त विरतो. सलग आवाज हवा असेल तर वादक कलम थरथरवत पटापट आघात करतो, तेव्हा बारीक पाऊस पडल्यासारखं ऐकू येतं. आधीचा सूर विरला नसतानाच पुढचा वाजतो, हीसुद्धा संतूरचीच खूण. सुमारे शंभर तारांचं वाद्य आहे, जुळवायला वेळ लागतो. म्हणून संतूरवादक कार्यक्रमाच्या बराच आधी येऊन बसतो, त्याला "अजून सुरू का नाही?" असं विचारू नये, ही विनंती.

बासरी आणि सनई यांत सोलापूरकर सहसा चुकत नाहीत. बासरीच्या सुराआधी फुंकरीचा हलका 'फ्' ऐकू येतो, सनईची दुहेरी पत्ती थरथरते म्हणून आवाजाला धार असते आणि मागे दुसऱ्या सनईचा एकच सूर अखंड चालू असतो. आपल्याकडची सुंद्री मात्र फसवते: सनईपेक्षा आखूड, आवाज वरच्या पट्टीतला. क्लिपमधली सनई फार बारीक, चढी वाटली तर आम्हाला तसं सांगा.

आणखी एक. कित्येक रेकॉर्डिंगमधली सनई कीबोर्डवर वाजवलेली असते. त्यात प्रत्येक सुराची सुरुवात हुबेहूब एकसारखी येते, दमाचा चढउतार नसतो. खरा सनईवाला तसं वाजवू शकत नाही. "क्लिपसारखं झालं नाही" अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं.

म्हणून आम्ही ॲडव्हान्स घेण्याआधी नवी क्लिप मागतो आणि काही जणांना तो नाटकीपणा वाटतो. वाद्य सुरू होण्याआधीची शांतता आणि थांबल्यानंतरचे दोन सेकंद त्यात असू द्या, एवढंच हवं. वादक ठरल्यावर वाद्य बदललं तर ॲडव्हान्स परत मिळत नाही, कारण वादकाने ती तारीख दुसऱ्याला नाकारलेली असते.

शंका असेल तर गुरुवारी संध्याकाळी दुकानात या. बासऱ्या, सनई आणि संतूर तिथे ठेवलेले आहेत, वाजवून दाखवतो. त्याचे पैसे नाहीत. शिकायला बासरी हवी असेल तर तीही तिथेच पट्टी तपासून देतो.